काट्याला न दिसणारी स्थूलता

लठ्ठपणा म्हटला की आमच्या डोळ्यांसमोर विस्तीर्ण देह उभा राहतो. हातापायांच्या काड्या असलेल्या गृहस्थास कोणी 'तुमच्या अंगात चरबी फार' असे सांगितले, तर ते थट्टा समजून हसतील. तथापि आपल्या लोकांत ही थट्टा पुष्कळदा खरी ठरते, आणि त्याचे एक उत्तम उदाहरण वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेले आहे.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी डॉ. जॉन युडकिन (साखरेविरुद्ध पुस्तक लिहिणारे युडकिन ते हे नव्हेत) यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात एक छोटेसे टिपण आपल्या छायाचित्रासह प्रसिद्ध केले. दोघांचा बीएमआय, म्हणजे किलोतील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, अगदी एकच होता: २२.३. परंतु क्ष-किरणांच्या साहाय्याने चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांच्या देहात ती ९.१ टक्के आढळली, तर याज्ञिक यांच्या देहात २१.२ टक्के. दोघांचे वजन ६५ किलो धरले, तर एकाच्या अंगावर सहा किलो चरबी आणि दुसऱ्याच्या अंगावर जवळजवळ चौदा किलो! युडकिन मॅरेथॉन धावणारे, तर याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रुग्णालयाच्या लिफ्टचे दार मिटण्याआधी ते गाठण्याची धावपळ, असे त्यांनीच विनोदाने लिहिले आहे. एकवीस टक्के चरबीस वैद्यक स्थूलता म्हणत नाही, हे खरे; परंतु काटा काय लपवू शकतो ते या जोडीने स्पष्ट दाखविले.

बीएमआयचा दोष एवढाच की तो स्नायू आणि चरबी एकाच तागडीत टाकतो. स्नायू थोडे आणि चरबी अधिक, अशी अदलाबदल झाली तरी बेरीज तीच राहते. आपल्याकडे ही अदलाबदल जन्मापूर्वीच सुरू होते, असे दिसते. पुणे जिल्ह्यातील खेड्यांत जन्मलेल्या बालकांची इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बालकांशी तुलना करून याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. आपली बालके सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची. स्नायू व पोटातील इंद्रिये यांत आपली मुले फार मागे होती. पाठीवरील कातडीखालच्या चरबीत मात्र तितकी मागे नव्हती. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआयची मर्यादा २५ ऐवजी २३ मानतात. पण मर्यादा खाली आणली तरी २२ चा मनुष्य सुटतोच.

मग तो ओळखावा कसा? ज्याची घरी सोय होते असे साधन म्हणजे शिवणकामाची टेप. ती पट्ट्याच्या जागी लावू नये. पट्टा पुष्कळदा पोटाखाली घसरलेला असतो. बरगडीचा सर्वांत खालचा काठ आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध, उघड्या अंगावर, टेप सर्वत्र आडवी राहील अशी धरावी. श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता आकडा वाचावा. भारतीय पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानतात. शिवाय कंबर उंचीच्या निम्म्याहून अधिक नसावी.

समजा, बैठे काम करणारे एक पंचेचाळिशीचे गृहस्थ आहेत. उंची १६५ सेंटिमीटर, वजन ६० किलो. १.६५ चा वर्ग २.७२; साठास त्याने भागले असता २२ येतात. काट्याच्या मते प्रकृती उत्तम. परंतु कंबर भरली ९१! उंचीचे निम्मे साडेब्याऐंशी, म्हणजे साडेआठ सेंटिमीटर अधिक. दहा वर्षांत त्यांच्या सदऱ्याचे खांदे बदलले नाहीत, पण शिंप्याने विजारीची कंबर दोनदा उसवली. आमच्या मते ही खूणही टेपइतकीच बोलकी आहे. अशा गृहस्थांनी डॉक्टरांकडून रक्तदाब तपासून घ्यावा, तसेच उपाशीपोटीची साखर, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी आणि ट्रायग्लिसराइड या रक्ततपासण्या कराव्यात.

टेपलाही मर्यादा आहेत. गरोदरपणी किंवा पोटात पाणी झाले असता ती निरुपयोगी. कातडीखालची चरबी कोणती व आतड्यांभोवतीची अधिक घातक चरबी कोणती, हेही ती सांगत नाही. चरबीचे टक्के दाखविणारे विजेचे काटे बाजारात मिळतात. ते क्षीण प्रवाह देहातून सोडून आतील पाण्यावरून अंदाज बांधतात. त्यामुळे पाणी पिण्याआधी आणि नंतर, व्यायामापूर्वी आणि नंतर आकडा हलतो. वापरायचेच तर रोज सकाळी एकाच वेळी वापरावेत आणि एका आकड्यापेक्षा महिनोन्महिन्यांचा कल पाहावा. पुरुषांत साधारण २५ आणि स्त्रियांत ३० ते ३५ टक्क्यांच्या वर चरबी अधिक समजतात, मात्र या रेषेवर तज्ज्ञांचे एकमत नाही.

अशा माणसाने नुसते जेवण तोडणे आम्हांस धोक्याचे वाटते. उपासाने चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि येथे तूट मुळी स्नायूंचीच आहे. भात-पोळी थोडी आवरून डाळ, उसळ, ताक, चालत असल्यास अंडी-मासे वाढवावेत. चालण्याच्या जोडीस आठवड्यातून दोन-तीन दिवस बैठका, जोर किंवा वजने उचलणे ठेवावे. तीन महिन्यांनी काटा कदाचित साठावरच उभा असेल. टेप मात्र त्याच जागी, त्याच रीतीने पुन्हा लावून पाहावी.