पडदा हिरवा, उजेड सारखा

टीव्हीवर हवामानाचा अंदाज सांगणारी निवेदिका नकाशासमोर उभी दिसते. प्रत्यक्षात तिच्या मागे एकरंगी पडदा असतो आणि नकाशा नंतर त्यावर चढवलेला असतो. या तंत्राला क्रोमा की म्हणतात. सिनेमाने ते फार आधी आपलंसं केलं. 1940 साली आलेल्या ‘द थीफ ऑफ बगदाद’मध्ये निळ्या पडद्यासमोर चित्रण करून त्या काळी थक्क करणारी दृश्यं उभी केली होती. आज भूगोलाच्या एखाद्या शिक्षिकेला घरच्या खोलीत बसून, मागे मोसमी वाऱ्यांचा नकाशा ठेवून धडा रेकॉर्ड करायचा असेल, तर त्यासाठी फोन, तीन ट्यूब, थोडं कापड आणि फुकट मिळणारं सॉफ्टवेअर पुरतं. मात्र काम कुठे होतं हे आधी नीट समजून घ्यायला हवं. बहुतेक जण सॉफ्टवेअरच्या पट्ट्या सरकवत तास घालवतात. खरं काम खोलीतच, रेकॉर्डिंग सुरू होण्यापूर्वी होतं.

सॉफ्टवेअरला माणूस ओळखता येत नाही. त्याला फक्त रंग कळतो. चित्रातला प्रत्येक ठिपका आपण निवडलेल्या हिरव्या रंगाच्या किती जवळ आहे हे ते मोजतं. जवळ असेल तर ठिपका पारदर्शक होतो, लांब असेल तर तसाच राहतो. हे मोजताना उजेड बाजूला ठेवून फक्त रंगछटा पाहिली जाते, म्हणून कापडावर थोडी सावली पडली तर चालेल असं वाटतं. तसं होत नाही. उजेड कमी होतो तसा कॅमेऱ्याच्या आकड्यांमधला हिरवेपणाही आटत जातो. गडद सावलीतलं हिरवं कापड जवळजवळ काळं होतं, आणि काळा रंग हिरव्यापासून जितका लांब तितकाच केसांच्या जवळ असतो. उलट, उजेड फार झाला की तेच कापड पांढुरकं होतं. म्हणजे कापडावर एकीकडे सावली आणि दुसरीकडे झळाळी असली, तर एका हिरव्याऐवजी पाच-सहा वेगळे रंग तयार होतात. ते सगळे काढायला गेलं की त्यांच्याबरोबर माणसाचाही काही भाग जातो.

हिरवाच का? त्वचेच्या रंगात हिरवा फार कमी असतो, हे एक कारण. दुसरं कारण कॅमेऱ्यात आहे. बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर कोडॅकच्या ब्राइस बायर यांनी सुचवलेली रंगगाळण्यांची मांडणी असते. त्यांना तिचं पेटंट 1976 साली मिळालं. तीत निम्म्या गाळण्या हिरव्या असतात, लाल आणि निळ्या प्रत्येकी एक चतुर्थांश. त्यामुळे हिरव्याची माहिती सर्वांत स्वच्छ मिळते आणि कमी उजेडात येणारा रवाळपणा तिच्यात कमी दिसतो. आपल्याकडे अडचण कपड्यांची आणि दागिन्यांची येते. हिरवी साडी नेसून या पडद्यासमोर बसलं तर हवेत तरंगणारा चेहरा आणि हात तेवढे उरतील. हिरव्या बांगड्या घातलेल्या मनगटात नकाशा दिसू लागेल. हिरवा चुडा उतरवायचा नसेल, आणि तो का उतरवावा, तर कापड गडद निळं घ्यावं. त्या दिवशी निळं काही अंगावर नको, एवढंच पथ्य.

आता कापड. दुकानात ‘क्रोमा पडदा’ म्हणून मागायची गरज नाही. पोपटी आणि गवती रंगांच्या मधला भडक हिरवा, अजिबात न चमकणारा, साधा सुती किंवा मॅटीसारखा पोत हवा. साटीन नको, मांडवाचं चकचकीत कापड नको, कारण चमक म्हणजे पांढरे पट्टे. कापड उजेडासमोर धरून पाहावं. पलीकडची बोटं स्पष्ट दिसली तर ते दुहेरी करावं लागेल, नाहीतर भिंतीचा रंग त्यातून डोकावेल.

किती घ्यायचं, हे अंदाजाने ठरवू नये. आपल्या शिक्षिकेची खोली 10 फूट रुंद आणि 12 फूट लांब आहे असं धरू. दहा फुटी भिंतीवर कापड, कापडापासून 4 फुटांवर खुर्ची, खुर्चीपासून 5 फुटांवर फोन. म्हणजे फोन कापडापासून 9 फुटांवर झाला. बोलताना हात हलतील तेव्हा दोन्ही हातांसाठी मिळून 4 फूट जागा धरली, तर फोनच्या नजरेतून त्यांच्यामागे 4 गुणिले 9 भागिले 5, म्हणजे सुमारे 7.2 फूट रुंदीचं कापड असायला हवं. माणूस पडद्यापासून जितका दूर, तितकं कापड जास्त. उंचीचंही तसंच. पोटापासून डोक्याच्या थोडं वरपर्यंत अडीच फूट दिसायचं असेल, तर कापड साडेचार फूट उंच लागेल. 58 इंच पन्ह्याचं कापड आडवं लावलं तर पन्हाच उंची होतो आणि अडीच मीटर लांबी रुंदी होते. मध्ये शिवण येत नाही, आणि पडद्यात शिवण नसणं फार मोलाचं. फ्रेममध्ये कापडाच्या बाहेरची भिंत दिसली तरी हरकत नाही. ती नंतर कापून टाकता येते. हिरवं फक्त माणसाच्या आणि त्याच्या हातांच्या मागे हवं.

कापड इस्त्री करून, वरच्या कडेला नेफा शिवून त्यात पडद्याची दांडी घालावी, आणि खालून व बाजूंनी चिमट्यांनी ताणावं. प्रत्येक सुरकुतीला एक उजळ आणि एक काळी बाजू असते, म्हणून सुरकुती म्हणजे आणखी दोन रंग.

चार फुटांचं अंतर खोली लहान असली म्हणून सोडून देऊ नये. त्यावर दोन गोष्टी अवलंबून आहेत. एक, माणसाची सावली कापडावर न पडता जमिनीवर पडते. दुसरी जास्त महत्त्वाची. उजळलेलं हिरवं कापड स्वतः हिरवा उजेड परत फेकतं आणि तो मान, कान, खांद्याच्या कडा आणि चष्म्याच्या काचा यांवर चढतो. जवळ बसलेल्या माणसाच्या कडा खरोखरच हिरव्या झालेल्या असतात. सॉफ्टवेअरने त्या खाल्ल्या, तर त्याने आपलं कामच चोख केलेलं असतं.

दिव्यांचं सूत्र एकच: कापडाचे दिवे वेगळे, चेहऱ्याचा वेगळा. बाजारात मिळणाऱ्या चार फुटी, 20 वॅटच्या दोन एलईडी ट्यूब कापडाच्या दोन्ही बाजूंना, भिंतीपासून साधारण 3 फूट पुढे, उभ्या बांधाव्यात. त्या सरळ समोरच्या कापडाकडे रोखल्या तर कडा उजळतात आणि मधला भाग अंधारात राहतो, कारण अंतर वाढलं की उजेड झपाट्याने कमी होतो. म्हणून डावी ट्यूब कापडाच्या उजव्या टोकाकडे आणि उजवी डाव्या टोकाकडे वळवावी. जवळच्या कडेवर मग तिरका, मंद उजेड पडतो. तिसरी ट्यूब फोनच्या बाजूला, डोक्यापेक्षा उंच, तिच्यापुढे पातळ पांढरं कापड किंवा ट्रेसिंग पेपर. तिन्ही ट्यूब एकाच जातीच्या असाव्यात. पिवळा बल्ब आणि पांढरी ट्यूब मिसळू नये. खिडकी झाकावी, कारण ढग सरकला की कापडाचा रंग बदलतो.

सारखेपणा डोळ्यांनी तपासता येत नाही. डोळे फार जुळवून घेतात. फोनच्या कॅमेऱ्यात एक्सपोजरची पट्टी हळूहळू खाली ओढावी. सगळं कापड एकदम काळवंडलं तर उजेड सारखा आहे. एक कोपरा आधी बुडाला, तर ट्यूब त्या बाजूला थोडी फिरवावी आणि पुन्हा पाहावं. रेकॉर्डिंगमध्ये एक्सपोजर आणि व्हाइट बॅलन्स दोन्ही लॉक करावेत, नाहीतर हात पुढे आला की फोन आपोआप उजेड बदलतो आणि कापडाचा रंग मध्येच सरकतो. अँड्रॉइडवर ओपन कॅमेरा या मोफत अॅपमध्ये हे करता येतं. शटरची वेळ हाताने ठरवता येत असेल तर 1/100 ठेवावी. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची असल्यामुळे बरेच दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात, आणि 1/100 ठेवली तर चित्रावर पट्टे येत नाहीत. शिवाय हलत्या हाताची कड कमी पुसट होते. पुसट कड म्हणजे हात आणि हिरवा यांची सरमिसळ, आणि ती वेगळी करणं अवघड. सौंदर्य वाढवणारे आणि पार्श्वभूमी धूसर करणारे फोनचे मोड बंद ठेवावेत. फाइल केबलने संगणकावर घ्यावी. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवली की ती दाबली जाते आणि सर्वांत आधी रंगाचे तपशील जातात.

आता ओबीएस स्टुडिओ. हे सॉफ्टवेअर मोफत आहे. व्हिडिओ Media Source म्हणून घ्यावा, त्याच्या कडा Alt दाबून आत ओढत भिंत कापून टाकावी. मग उजवी क्लिक, Filters, आणि Effect Filters मध्ये Chroma Key. नकाशा लगेच ठेवू नये. आधी खाली एक भडक लाल Color Source ठेवावा. नकाशाच्या रंगांत लपणारी भोकं आणि हिरव्या कडा लालवर लगेच दिसतात.

Similarity, Smoothness आणि Key Color Spill Reduction या तीन पट्ट्या शून्याजवळ आणाव्यात. Similarity हळूहळू वाढवत कापड नुकतंच नाहीसं झालं की थांबावं. पुढे गेलं तर साडीची घडी, चष्म्याची काच, केसांच्या बटा जायला लागतात. कापड पूर्ण जाण्याआधीच चेहऱ्याला भोकं पडत असतील, तर पट्टी सोडून पुन्हा ट्यूबकडे जावं. उजेड कमी आहे किंवा असमान आहे, एवढाच त्याचा अर्थ. Smoothness कडा किती हळुवार असाव्यात ते ठरवते. फार वाढवली तर अंग अर्धपारदर्शक होऊन लाल झिरपताना दिसतं. तिसरी पट्टी कडांवरचा हिरवेपणा काढते, पण ती हिरव्याच्या आसपासचे रंग करड्याकडे नेते. म्हणून ती जास्त ओढली की गालांवर राखेची छटा येते. मान हिरवी दिसायची थांबली की तिथेच सोडावी.

केसांची कड दातेरी राहील. फोन बहुतेक वेळा चार ठिपक्यांमागे रंगाची एकच नोंद साठवतो, उजेडाची मात्र चारही ठिपक्यांची. केसाची एक बट त्या एका नोंदीपेक्षा बारीक असते आणि ती कुठल्याही पट्टीने परत येत नाही. केस बांधले, आणि नकाशाचा डोक्यामागचा भाग गडद ठेवला, की दाते फारसे दिसत नाहीत. काचेचा पेला, जाळीदार ओढणी, जरीचा रुंद काठ यांच्या आरपार किंवा त्यांच्यावरून हिरवं येतच राहतं. त्यांना फ्रेमबाहेर ठेवणं हाच उपाय.

मग लाल काढून नकाशा ठेवावा. फोटो ठेवायचा असेल, समजा सह्याद्रीचा पावसाळी घाट, तर त्यात उजेड कोणत्या बाजूने येतो ते पाहून चेहऱ्याची ट्यूब रेकॉर्डिंगच्या आधी त्याच बाजूला लावलेली असावी. फोटोत ऊन डावीकडून आणि गालावर उजवीकडून आलं, तर कड कितीही स्वच्छ निघाली तरी माणूस चिकटवलेलाच दिसतो. डोंगर थोडे धूसर करावेत, आणि फोटो डोळ्यांच्या उंचीवरून काढलेला निवडावा, कारण फोनही त्याच उंचीवर आहे.