शिक्षक ते कॉर्पोरेट ट्रेनर: ‘निकाल १०० टक्के’ ही ओळ सीव्हीत का चालत नाही?

महाडजवळचं सव गाव बहुतेकांना गरम पाण्याच्या झऱ्यांमुळे माहीत आहे. याच तालुक्यात बिरवाडीच्या बाजूला एमआयडीसी आहे आणि तिथे मुख्यतः रासायनिक कारखाने आहेत. अशा कारखान्यांत नव्या कामगाराला सुरक्षेचं, कामाच्या पद्धतीचं, नोंदी ठेवण्याचं प्रशिक्षण द्यावं लागतं. सव, महाड किंवा पोलादपूरच्या शाळेत दहा-बारा वर्षं शिकवलेल्या शिक्षकाला या कामाकडे वळायचं असेल, तर पहिली अडचण सीव्हीतच येते.

शिकवता येत नाही, अशी ती अडचण नसते. जे केलं ते कंपनीला कळेल अशा शब्दांत कागदावर येत नाही, हा खरा प्रश्न आहे.

नेहमीची ओळ बघा: ‘इयत्ता चौथीचा वर्गशिक्षक. निकाल १०० टक्के. विद्यार्थ्यांचा सर्वांगीण विकास साधला.’ २००९च्या शिक्षण हक्क कायद्यामुळे चौथीच्या मुलाला नापास करून त्याच वर्गात ठेवता येत नाही. म्हणजे चौथीचा निकाल १०० टक्के लागणारच होता. एचआरमधल्या माणसाला हा कायदा ठाऊक असो-नसो, ‘यात तुमचं काम कुठलं?’ हा प्रश्न तो विचारणार. दहावीच्या निकालाचंही जवळपास तसंच आहे. शिकवण्या, घरचं वातावरण, परीक्षेची काठिण्यपातळी असं बरंच काही त्यात मिसळलेलं असतं.

मग दाखवायचं काय?

प्रशिक्षण देण्यापूर्वी माणूस कुठे होता, नेमकं काय अडत होतं, तुम्ही काय केलं आणि नंतर तो कुठे पोहोचला, या चार गोष्टी कंपनीला हव्या असतात. गंमत म्हणजे त्यांची नोंद शिक्षकाच्या दप्तरात आधीपासून असते. २०१५च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमापासून पायाभूत आणि संकलित चाचण्या आपल्या शाळांच्या अंगवळणी पडल्या आहेत. पायाभूत चाचणी म्हणजे सुरुवातीचं माप, संकलित म्हणजे नंतरचं. कंपन्या पहिल्याला ‘बेसलाइन’ म्हणतात. कच्चा भाग शोधण्याला ‘ट्रेनिंग नीड्स अ‍ॅनालिसिस’ असं भारदस्त नाव आहे.

एक नमुना घेऊ (आकडे उदाहरणादाखल आहेत). चौथीच्या वर्गात १८ मुलं आहेत. पायाभूत चाचणीत ११ जणांची वजाबाकी चुकली. शिक्षकाने उत्तरपत्रिका पुन्हा पाहिल्या, तेव्हा साधी वजाबाकी सगळ्यांना येत होती, हातचा घ्यायची वेळ आली की गाडी अडत होती. त्याने या ११ जणांचा वेगळा गट केला आणि दहा आठवडे रोज अर्धा तास काड्यांचे गठ्ठे सोडवून हातचा शिकवला. नंतरच्या चाचणीत ३ जण अडलेले राहिले.

हेच सीव्हीत असं येईल: ‘१८ जणांच्या गटाची सुरुवातीची चाचणी घेतली. चुकांचं विश्लेषण करून ११ जणांची एक नेमकी उणीव शोधली. त्यासाठी १० आठवड्यांचा, रोज ३० मिनिटांचा प्रशिक्षण कार्यक्रम आखून राबवला. अखेरच्या चाचणीत ११ पैकी ८ जणांनी ते कौशल्य आत्मसात केलं.’

सीव्ही बहुधा इंग्रजीत द्यावा लागेल, पण बांधणी हीच ठेवा. इथे ‘७३ टक्के सुधारणा’ असं लिहायचा मोह होईल. लिहू नका. ११ पैकी एक मूल इकडचं तिकडे झालं, तरी टक्केवारी नऊने हलते. मुलाखतीत ‘कितीपैकी?’ विचारलं की मोठा आकडा उघडा पडतो. मूळ संख्या लहान असली, तरी टिकते. राहिलेल्या ३ जणांचं काय केलं, हेही सांगता आलं पाहिजे. तो प्रश्न हमखास येतो.

कंपनी कुठल्या पायरीवर मोजते?

अमेरिकेतील डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९मध्ये प्रशिक्षण मोजण्याच्या चार पायऱ्या मांडल्या. प्रशिक्षण क्षेत्रात आजही त्याच वापरतात. पहिली, लोकांना प्रशिक्षण आवडलं का. दुसरी, ते शिकले का. तिसरी, कामावर परतल्यावर वागणं बदललं का. चौथी, त्यातून संस्थेला काय मिळालं.

आपला वजाबाकीचा नमुना दुसऱ्या पायरीवर आहे. कारखान्याला तिसरी पायरी हवी असते. ड्रमवरचं लेबल वर्गात वाचून दाखवणारा कामगार रात्रपाळीत ते वाचतो का, हे त्यांना कळायला हवं. आणि इथे शिक्षकांच्या सीव्हीतली सगळ्यात मोलाची ओळ बहुतेकदा शेवटी, ‘इतर’मध्ये दडपलेली सापडते: ‘तालुकास्तरीय प्रशिक्षणात सुलभक म्हणून काम.’ ही ओळ वर आणा. त्या दिवशी समोर मुलं नव्हती, अनुभवी आणि काहीसे नाखूश प्रौढ होते. कॉर्पोरेट प्रशिक्षणातही तेच असतात.

किती शिक्षकांना, किती दिवस, कुठला विषय शिकवला, हे लिहा. नंतर त्यांच्या वर्गात काही बदललं का, याची नोंद बहुतेकांकडे नसते. नसेल तर ओळ तिथेच थांबवा. पण अजून नोकरीत असाल, तर पुढच्या शिक्षण परिषदेत एक सत्र घ्या आणि महिन्याभराने त्यातल्या दहा-बारा जणांना विचारा, शक्य असेल तर जाऊन बघा. ‘१२ पैकी ७ जण पद्धत वापरत होते’ ही तिसऱ्या पायरीची ओळ झाली.

चौथ्या पायरीचं, म्हणजे रुपयांचं, भाषांतर करू नका. ११ मुलांना हातचा आला, यातून शाळेचे पैसे वाचले नाहीत. पालकसभेला ‘स्टेकहोल्डर मॅनेजमेंट’ म्हणणंही तितकंच केविलवाणं दिसतं. (इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षी आम्ही सगळे कॉलेज प्रोजेक्टला ‘एंड-टू-एंड सोल्यूशन’ म्हणायचो. कुणी फसलं नाही.) पालकसभेमुळे सतत गैरहजर राहणारी किती मुलं परतली, हे हजेरीपत्रकातून काढून लिहा.

बायोडाटातलं काय जाईल?

वडिलांचं नाव, जात, वैवाहिक स्थिती आणि खालचं ‘वरील माहिती सत्य आहे’ हे प्रतिज्ञापत्र काढा. नोकरीच्या पोर्टलवरची सॉफ्टवेअर दोन रकान्यांची किंवा तक्त्यात भरलेली माहिती अनेकदा नीट वाचत नाहीत, म्हणून साधी, एका रकान्याची मांडणी ठेवा. जाहिरातीत ‘इंडक्शन ट्रेनिंग’ असेल, तर तोच शब्द वापरा, अर्थात ते काम केलं असेल तरच. डीएड, बीएड, टीईटी एकेका ओळीत उरका. एमएस-सीआयटी नुसतं लिहिण्यापेक्षा एक्सेलमध्ये गुणनोंदी ठेवत होता, हे लिहा. मुलांची नावं असलेला कुठलाही कागद जोडू नका.

एक उणीव मात्र सीव्ही भरून काढू शकत नाही: तुम्ही कारखान्यात शिकवलेलं नाही. तिथे ३५ मिनिटांची तासिका मिळत नाही. पाळी सुरू होण्यापूर्वी जमिनीवर उभ्याउभ्या पंधरा-वीस मिनिटं मिळतात, त्याला ‘टूलबॉक्स टॉक’ म्हणतात. म्हणून सीव्हीसोबत एका पानाचा नमुना द्या. विषय ड्रमवरची धोक्याची चिन्हं ओळखणं, भाषा मराठी, वेळ १५ मिनिटं, आधी तीन प्रश्न आणि शेवटी तेच तीन प्रश्न. इथे शिक्षकाचा हात आपोआप दिसतो.

‘नोटीस पीरियड’चा रकाना मोकळा सोडू नका. खासगी शाळेतल्या कायम शिक्षकाला १९८१च्या सेवाशर्ती नियमावलीप्रमाणे तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, कायम नसलेल्याला एक महिन्याची. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाने राजीनामा मंजूर होण्याची पद्धत आधी कार्यालयात विचारून घ्यावी आणि मगच रुजू होण्याची तारीख द्यावी.