'चारवा' चूक, मग 'सहावा' बरोबर कसा?

परवा लिफ्टमध्ये माझी पाच वर्षांची मुलगी म्हणाली, "बाबा, आपण चारव्या मजल्यावर राहतो." परदेशात वाढणाऱ्या मुलांच्या घरी हे 'चारवा', 'तीनवा' तुम्हीही ऐकलं असेल. आजी-आजोबा व्हिडिओ कॉलवर हसतात आणि मूल गप्प होतं. पण तिने केलं ते मराठीने स्वतःही एकदा केलेलं आहे.

पहिला, दुसरा, तिसरा आणि चौथा हे चारही शब्द आपापल्या वळणाचे आहेत. नियम सुरू होतो तो पाचव्यापासून: पाचवा, सातवा, आठवा, दहावा. हा 'वा' आला संस्कृतातल्या 'म'पासून. दोन स्वरांमधल्या 'म'चा मराठीत 'व' होतो, म्हणून ग्रामचं गाव झालं आणि नामचं नाव. तसंच पंचमचं पाचवा, सप्तमचं सातवा, अष्टमचं आठवा.

आता सहाकडे पाहा. संस्कृतात 'षष्ठ' आहे, त्यात 'म' नाहीच. त्यामुळे या वाटेने 'सहावा' तयार होणं शक्य नव्हतं. हिंदीने 'छठा' आणि गुजरातीने 'छठ्ठो' म्हणत जुनं रूप जपलं. मराठीत मात्र आजूबाजूच्या पाचवा-सातवाचं ऐकून 'सहा'लाही 'वा' जोडला गेला. जुनी षष्ठी तिथीच्या नावात राहिली, आणि बाळाच्या सहाव्या दिवशी जिची पूजा होते त्या सटवाईच्या नावातही.

म्हणजे 'सहावा' हा जिंकलेला 'चारवा' आहे! मग 'चौथा' का हरला नाही? पहिले तीन-चार क्रमांक आपण दिवसभर वापरतो. सतत कानावर पडणारं रूप पाठ होतं, त्यासाठी नियम लागत नाही. कमी वापरातलं रूप ऐन वेळी आठवत नाही, आणि तिथे नियम शिरतो.

पटींमध्ये हीच ओढाताण आजही चालू दिसते. दुप्पट, तिप्पट पक्के आहेत. पाचपटीपासून सरळ नियम आहे. सीमेवर चार उभा आहे: 'चौपट'ही म्हणतात आणि 'चारपट'ही.

नियमालाही एक वळण आहे. अकरा ते अठरा हे आकडे 'आ'ने संपतात, म्हणून नुसता 'वा' पुरतो: बारावा, अठरावा. एकोणीसपासून मध्ये 'आ' येतो आणि दीर्घ 'ई' ऱ्हस्व होते: वीस, पण विसावा. मूल 'वीसवा' म्हणालं, तर त्याला नियम कळलाय, हा 'आ' अजून कळायचाय.

म्हणून 'चारवा' ऐकलात तर हसू नका. "हो, चौथ्या मजल्यावर," एवढंच सहज म्हणा. नियम तिला सापडलेला आहे. अपवाद मात्र कानावर पडूनच येतो, आणि परदेशात तो कानावर घालणारे तुम्हीच आहात.