हृदय मोठं की सावली मोठी?

समजा, खाटेवरच्या रुग्णाचा छातीचा एक्स-रे समोर आहे. मणक्याच्या मधल्या रेषेपासून हृदयाची सावली उजवीकडे जास्तीत जास्त ४.५ सेंमी जाते, डावीकडे ११, बेरीज १५.५. बरगड्यांच्या आतल्या कडांमधलं सर्वांत मोठं अंतर २८. भागाकार ०.५५. प्रौढांत ०.५० च्या वर हृदय मोठं मानतात.

पण हा नियम उभं राहून, पूर्ण श्वास भरून, पाठीकडून किरण सोडलेल्या फिल्मचा आहे. खाटेवर किरण समोरून, जवळून येतात; प्लेटपासून लांब असलेलं हृदय दिव्याजवळ धरलेल्या हातासारखं मोठी सावली पाडतं. अपुऱ्या श्वासात ते आडवंही पसरतं. हाच माणूस उभा राहिला की १३.५ भागिले २९, म्हणजे ०.४७ भरू शकतं. रिपोर्ट वाचून घाबरण्याआधी फिल्म कशी काढली, ते डॉक्टरांना विचारा. शंका उरलीच, तर इको करून घ्या.