एक इंजेक्शन, पाच डबे

तालुक्याच्या गावातला दोन खोल्यांचा एखादा दवाखाना डोळ्यांसमोर आणा. खाटा नाहीत, शस्त्रक्रिया होत नाहीत. डॉक्टर, कंपाउंडर आणि झाडलोट करणाऱ्या मावशी एवढीच माणसं. इथे कसला आलाय जैववैद्यकीय कचरा, असं पुष्कळांना वाटतं. पण 2016 चे नियम अशा दवाखान्यालाही लागू आहेत. त्यालाही महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते; खाटा नसतील तर ती एकदाच घ्यायची असते.

एका इंजेक्शनमधून काय काय निघतं ते पाहा. रक्त लागलेला कापूस पिवळ्या पिशवीत जातो, सुई पांढऱ्या, टोचून भोक पडणार नाही अशा डब्यात, सुई काढलेली प्लॅस्टिकची सिरिंज लाल पिशवीत आणि औषधाची फुटकी काच निळ्या खुणेच्या खोक्यात. सिरिंजचं वेष्टण मात्र साधा सुका कचरा. ते घंटागाडीत द्यायचं.

रंग ठरवताना ती वस्तू पुढे कुठे जाणार, हे पाहिलेलं असतं. पिवळी पिशवी भट्टीत जळते. लाल पिशवीतलं प्लॅस्टिक ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक होतं, त्याचे तुकडे होतात आणि ते पुनर्वापराला जातं. सलाईनची नळी बहुधा पीव्हीसीची, म्हणजे क्लोरीन असलेल्या प्लॅस्टिकची असते. ती चुकून पिवळ्या पिशवीत गेली, तर भट्टीच्या धुरातून डायऑक्सिनसारखी विषारी द्रव्यं बाहेर पडतात. पिशव्याही क्लोरीनविरहित प्लॅस्टिकच्या हव्यात, त्यामागचं कारण हेच. उलट लाल पिशवीत एखादी सुई राहिली, तर ती पिशवी उचलणाऱ्याच्या हातात किंवा पायात शिरते.

म्हणून सगळ्यात जास्त लक्ष सुईकडे हवं. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही, कारण टोपण लावतानाच ती बोटाला लागते. नीडल कटर इंजेक्शन देतो त्या टेबलावरच ठेवावा. तो पलीकडच्या खोलीत असला की सुई ट्रेमध्ये पडून राहते आणि साफसफाईच्या वेळी मावशींना टोचते. इन्सुलिनच्या काही सिरिंजची सुई निघत नाही. ती अख्खी पांढऱ्या डब्यात टाकायची. डबा तीन चतुर्थांश भरला की झाकण पक्कं बंद करायचं, आणि मग तो उघडायचा नाही की दुसऱ्या डब्यात ओतायचा नाही. एवढं करूनही सुई टोचली, तर जागा न दाबता वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी आणि लगेच डॉक्टरांना सांगावं. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं घ्यायची वेळ आली, तर ती पहिल्या काही तासांत घेतलेली उत्तम. 72 तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही. मावशींना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस आधीच दिलेली असावी.

पिशव्या ठेवायला कुलूपबंद, रुग्णांच्या वावरापासून दूर असा कोपरा पुरतो. पिवळ्या पिशवीतला रक्ता-पुवाचा कचरा 48 तासांच्या वर ठेवायचा नाही. गाडी आली नाही तर प्रक्रिया केंद्राला फोन करावा, आणि मुदत ओलांडायची वेळ आलीच तर मंडळाला कारणासह कळवावं. मागच्या अंगणात जाळणं हा पर्याय नाही. 75 किलोमीटरच्या आत सामायिक केंद्र असेल तर दवाखान्याला स्वतःची भट्टीसुद्धा उभारता येत नाही.

गाडी आली की रंगाप्रमाणे वजन करायचं, पिशवीवर बारकोड आहे ना ते पाहायचं आणि पावती घेऊन वहीत नोंद करायची. वही पाच वर्षं सांभाळायची. मागच्या वर्षाचा अहवाल 30 जूनपर्यंत मंडळाकडे पाठवायचा. सुई टोचल्याच्या घटनाही त्यात येतात.

ही वही बहुतेक दवाखान्यांत केवळ तपासणी आली तर दाखवायला भरली जाते. दिवसाखेरीस एकदम बसून, रोज तेच आकडे. खरं तर तिच्यातूनच चोरी पकडता येते. 2009 मध्ये गुजरातेतल्या मोडासा भागात हिपॅटायटिस बीची मोठी साथ आली, अनेक माणसं दगावली, आणि ती वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्याने पसरल्याचं पुढे आलं. वापरलेल्या सिरिंजला भंगारात भाव मिळतो, हे विसरून चालत नाही. कटरने सुईबरोबर सिरिंजचं टोकही कापलं, की तिला दुसरी सुई बसत नाही.

समजा, महिन्याभरात 200 सिरिंज आणि 40 सलाईन सेट वापरले गेले. तेवढं प्लॅस्टिक लाल पिशवीत यायलाच हवं. औषधांच्या साठ्याची वही आणि कचऱ्याची वही शेजारी ठेवून पाहा. साठा नेहमीसारखाच संपतोय आणि लाल पिशवीचं वजन मात्र अचानक निम्म्यावर आलंय, असं दिसलं तर दोन शक्यता उरतात. एक तर प्लॅस्टिक पिवळ्या पिशवीत पडतंय. तसं असेल तर पिवळीचं वजन तेवढंच वाढलेलं दिसेल. तेही वाढलं नसेल, तर माल मागच्या दाराने बाहेर जातोय. तेव्हा पिशव्यांच्या कोपऱ्याची किल्ली कुणाकडे असते, हे त्याच दिवशी विचारावं.