घड्याळ की बरोबरची खूण?

पासवर्डचा विषय या आठवड्यात घ्यायचा होता, पण तो पुढे ढकलावा लागतो आहे. गेल्या भागानंतर पुण्याच्या एका वाचक बाईंचं पत्र आलं आणि त्यातला एकच प्रसंग आख्खा भाग खाऊन बसला. बाईंचे वडील इचलकरंजीत असतात. वय पंचाहत्तरच्या पुढे, जन्म हिशेबाच्या वह्यांत गेलेला. त्यांचा फोन आला, "व्हॉट्सअ‍ॅप बंद पडलंय, फोटो जात नाही." बाईंनी विचारलं, "बाबा, तुम्ही वायफायवर आहात की डेटावर?" पलीकडून उत्तर आलं, "हो."

या 'हो'ला हसून चालणार नाही. प्रश्न कळला नाही असं मुलीला सांगण्यापेक्षा होकार देणं सोपं असतं. घरोघरी प्रश्नावल्या घेऊन फिरणाऱ्यांना ही सवय जुनीच ठाऊक आहे. हॉवर्ड शुमन आणि स्टॅन्ली प्रेसर या अमेरिकी अभ्यासकांनी १९८१ साली प्रश्नांच्या शब्दरचनेवर एक जाडजूड पुस्तकच लिहिलं आणि त्यात अशा होकारांचीही झडती घेतली. 'वायफाय की डेटा' हा दिसायला पर्यायांचा प्रश्न आहे, पण दोन्ही पर्याय बाबांना दिसत नाहीत. ते फोनच्या आत कुठेतरी आहेत. ज्याचं उत्तर डोळ्यांनी बघून देता येत नाही, तो प्रश्न कितीही गोड आवाजात विचारला तरी परीक्षेचाच वाटतो.

बाईंनी मग प्रश्न बदलले. त्यांनी पत्रात ते क्रमाने लिहिले आहेत, आणि क्रमातच गंमत आहे.

पहिला प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपचा नव्हताच. "आत्ता ज्यावर बोलताय त्याच फोनवरून फोटो पाठवत होता, की तो फोन वेगळा?" बाबा आईच्या फोनवरून बोलत होते, म्हणजे त्यांचा स्वतःचा फोन हातात मोकळा होता. हे आधी कळणं फार मोलाचं. त्याच फोनवर बोलत असते, तर पडदा कानाला लागून काळा पडला असता आणि दर प्रश्नाला 'काहीच दिसत नाही' असं उत्तर मिळालं असतं. काही जुन्या फोनांवर तर बोलणं चालू असताना मोबाइलचं नेट थांबतं. मग नसलेला बिघाड शोधण्यात संध्याकाळ गेली असती.

दुसऱ्या पायरीला त्यांनी फोटो बाजूलाच ठेवला. "मला नुसता 'क' लिहून पाठवा. आता त्या 'क'च्या खालच्या कोपऱ्यात बघा. छोटं घड्याळ दिसतंय, की बरोबरची खूण?"

"घड्याळ."

या एका शब्दाने अर्धं काम झालं. घड्याळ म्हणजे निरोप बाबांच्या फोनातून बाहेरच पडलेला नाही. बरोबरची एक खूण आली असती, तर निरोप निघालाय पण मुलीच्या फोनपर्यंत पोचलेला नाही, असा अर्थ झाला असता आणि दोन आल्या असत्या तर तो पोचला. तसं झालं असतं, तर नेट ठीक आहे असं धरून फोटोकडे वळता आलं असतं. इथे रंग विचारायचा मोह होतो, कारण दोन्ही खुणा निळ्या झाल्या की निरोप वाचला गेला, हे आता सगळ्यांना पाठ आहे. तो मोह टाळावा. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं, निळा रंग मंद दिसू लागतो आणि निळ्या-करड्यातला फरक पुसट होतो. 'एक की दोन' हे मात्र मोतीबिंदू असलेल्यालाही बहुधा सांगता येतं. शक्य तिथे रंगाऐवजी संख्या, जागा किंवा हालचाल विचारलेली बरी.

आता नेट बाबांच्या फोनचं गेलं की घराचं, हे ठरवायचं होतं. घराचं वायफाय दोघांच्याही फोनला जोडलेलं आहे हे बाईंना ठाऊक होतं. "आईचा फोन कानापासून दूर धरून बघा, त्यावर भजनाचा व्हिडिओ लागतोय, की गोल गोल फिरत बसतोय?" गोल फिरत होता. दोघांचे फोन एकाच वेळी बिघडण्यापेक्षा घरातलं नेट गेलेलं असणं जास्त संभवतं. तेव्हा मोर्चा भिंतीवरच्या डब्याकडे वळला. राउटर, मोडेम हे शब्द बाईंनी उच्चारलेसुद्धा नाहीत. "टीव्हीशेजारच्या पांढऱ्या डब्यावर सगळे दिवे विझलेत, की काही चालू आहेत?" काही चालू होते, म्हणजे वीज होती. "त्यातला एखादा लाल आहे किंवा लुकलुकतोय, की तसं काही नाही?" एक लाल होता. "त्याच्या खाली काय लिहिलंय? एकेक अक्षर वाचा." बाबांनी वाचलं: एल, ओ, एस.

फायबरच्या जोडणीत हा दिवा लाल झाला, की काचतारेतून येणारा प्रकाश डब्यापर्यंत पोचत नाही असं समजायचं. तार बाहेर कुठे तुटली असेल तर कंपनीला कळवण्याखेरीज घरी करण्यासारखं काही नसतं. पण ही तार घरातही दुमडू शकते आणि तीव्र वळण बसलं की प्रकाश वळणावरच बाहेर निसटतो. म्हणून बाईंनी शेवटचा प्रश्न पर्यायांशिवाय विचारला: "काल-आज त्या कोपऱ्यात कुणी काही हलवलं का?" सकाळी साफसफाईत शोकेस मागे सरकवलं होतं. ते पुढे ओढल्यावर मागे चेपलेली तार मोकळी झाली. थोड्या वेळाने लाल दिवा विझला आणि 'क'खालचं घड्याळही गेलं.

हा शेवटचा मोकळा प्रश्न मुद्दाम लक्षात ठेवावा, कारण पर्याय देण्यात एक खोट आहे. विचारणाऱ्याच्या डोक्यात जे येतं तेवढेच पर्याय तयार होतात. शोकेस कुणाच्याच यादीत नव्हतं. म्हणून बाईंच्या 'तसं काही नाही'सारखी एक पळवाट प्रश्नातच ठेवावी. नाहीतर घड्याळही नाही आणि खूणही नाही, तरी बाबा त्यातलंच एक सांगून मोकळे होतील. आणि 'लाल दिवा लागलाय ना?' असं तर विचारूच नये. त्याचं उत्तर प्रश्नातच देऊन ठेवलेलं असतं.

फोनवर आणखी एक अडचण असते. पर्याय वाचायचे नसून ऐकायचे असतात, तेव्हा शेवटी ऐकलेला पर्याय निवडण्याकडे कल असतो. वयस्कांमध्ये तो जास्त दिसतो, असंही सर्वेक्षणांच्या अभ्यासातून पुढे आलं आहे. आधीचं विसरलं जातं आणि शेवटचं कानात राहतं. चार-पाच पर्याय एका दमात सांगितले तर हे होणारच. दोन द्यावेत, फार तर तीन, आणि उत्तरावर पुढचं सगळं अवलंबून असेल तर थोड्या वेळाने तोच प्रश्न उलट्या क्रमाने विचारावा. आधी 'घड्याळ की खूण', मग 'खूण की घड्याळ'. दोन्ही वेळा शेवटचाच पर्याय आला, तर बाबा बघून नाही, ऐकून सांगताहेत. तेव्हा दोष न देता म्हणावं, "बाबा, घाई नाही. चष्मा लावून बघा, मी थांबते."

पासवर्ड पुढच्या आठवड्यात नक्की. तोवर वाचकांनी एक करावं. घरच्या वडीलधाऱ्यांनी ज्या प्रश्नाला नुसतं 'हो' म्हटलं असेल, तो जसाच्या तसा लिहून पाठवावा. उत्तर मिळेपर्यंत तो कसकसा बदलला, तेही कळवावं.