नकार कळवायचा तो त्याच दिवशी

पुण्यात आयटी कंपन्यांसाठी माणसं निवडण्याचं काम मी बरीच वर्षं केलं. ऑफर नाकारणाऱ्यांचा राग कधी आला नाही. त्रास दिला तो फोन न उचलणाऱ्यांनी.

आपल्याकडे अनेक कंपन्यांत नोटीस पीरियड साठ किंवा नव्वद दिवसांचा असतो. उमेदवार ऑफर स्वीकारतो आणि आम्ही त्याची दोन-तीन महिने वाट पाहतो. दरम्यान दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला नाही म्हणून कळवलेलं असतं. रुजू होण्याच्या दिवशी खुर्ची रिकामी दिसली, तर सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागतं. उमेदवार कन्सल्टन्सीमार्फत आला असेल, तर तिचे पैसेही बहुधा तो रुजू झाल्यावरच मिळतात. म्हणून नकार किती लवकर कळतो, यावर बरंच काही अवलंबून असतं.

एका टेस्टर मुलीने हे फार नीट केलं होतं. तिच्याकडे दोन ऑफर होत्या. दुसऱ्या कंपनीचं पत्र हातात पडलं, पगाराची फोड आणि रुजू होण्याची तारीख तिने वाचली, सही करून पाठवलं आणि त्याच दुपारी मला फोन केला. (तोंडी शब्दावर विसंबून हातची ऑफर सोडू नये. तो शब्द फिरतोही.) ती म्हणाली, ‘‘मॅडम, मी दुसरीकडची ऑफर स्वीकारली आहे. तिथे मला ऑटोमेशनचं काम मिळतंय. माझ्यासाठी तुम्ही मुलाखत शनिवारी ठेवलीत, ते मी विसरणार नाही.’’

मी सवयीने विचारलं, ‘‘किती देतायत? आम्हीही बघतो.’’

‘‘नको मॅडम, मी तिकडे होकार कळवलाय.’’

पैशांची घासाघीस करायचीच असेल, तर ती कुठेही होकार देण्याआधी करावी. नंतर केली की दोन्हीकडचा विश्वास जातो. तिने कंपनीचं नाव सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ते सांगणं बंधनकारक नसतं. घरच्यांच्या आजारपणाची खोटी कारणं मात्र देऊ नका. नवी नोकरी महिन्याभरात लिंक्डइनवर दिसते.

तासाभरात तिचा चार ओळींचा मेल आला: पदाचं नाव, स्पष्ट नकार, कारणाचं एक वाक्य आणि आभार. ‘सध्या जमेल असं वाटत नाही’ असलं मोघम काही त्यात नव्हतं. तशा वाक्याने आम्ही जागा उगीच अडवून ठेवतो. त्याच संध्याकाळी मी दुसऱ्या उमेदवाराला फोन केला. तो अजून मोकळा होता.

आधी आमच्याच पत्रावर सही करून मग मन बदललं असेल, तर पत्रातल्या अटी वाचा, आगाऊ बोनस घेतला असेल तर परत करा आणि दिलगिरी फोनवरच सांगा. तो फोन जड जातो, पण रुजू होण्याच्या आदल्या रात्रीपर्यंत तो लांबवू नका.